फॉरमॅट करूनही परत आलेल्या जाहिराती: एका कर सल्लागाराच्या ऑफिसातलं प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस. तीन संगणक: एक साहेबांच्या केबिनमध्ये, एक अकाउंटंट ताईंकडे आणि एक पुढच्या टेबलावर, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची कागदपत्रं स्कॅन होतात, प्रिंट निघतात. तिन्हींवर विंडोज आणि क्रोम. जीएसटीची रिटर्न्स, आयकर, बँकेची स्टेटमेंट्स, सगळं काम ब्राउझरमध्येच. सोयीसाठी तिन्ही ठिकाणी क्रोममध्ये ऑफिसचं एकच गूगल खातं लॉगिन केलेलं होतं. बुकमार्क एकदा ठेवला की तिन्हीकडे दिसतो, पासवर्ड एकदा सेव्ह केला की कुणालाही वापरता येतो. अशी व्यवस्था बहुतेक छोट्या ऑफिसांत असते आणि एरवी ती कुणाला खटकत नाही. या प्रकरणात मात्र सगळा घोळ तिच्यामुळेच झाला.

ओळख कळू नये म्हणून गाव आणि माणसं यांचा तपशील गाळला आहे. तांत्रिक भाग जसा घडला तसाच आहे.

अडचण

सुरुवात ताईंच्या संगणकावर झाली. बातम्यांच्या एका साइटवर वरच्या बाजूला नेहमीपेक्षा एक पट्टा जास्त दिसू लागला. कधी वजन कमी करण्याच्या गोळ्या, कधी 'तुमचा ड्रायव्हर जुना झाला आहे', कधी रमी. बातम्यांच्या साइटवर जाहिराती असतातच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण मग तोच पट्टा बँकेच्या माहितीच्या पानावर दिसला. आठवडाभरात साहेबांच्या आणि पुढच्या संगणकावरही तेच सुरू झालं.

जाहिरात प्रत्येक वेळी येत नसे. पान उघडलं की चार-पाच सेकंदांनी सगळा मजकूर खाली सरकायचा आणि वर पट्टा यायचा. तेच पान पुन्हा उघडलं तर काहीच नाही. बोलावलेल्या माणसासमोर ती कधी दिसेल याचा नेम नव्हता, आणि त्यामुळे 'आता गेलं बहुतेक' असं दोनदा वाटूनही गेलं.

गावातल्या दुरुस्तीवाल्याने आधी अँटीव्हायरस चालवला. काही सापडलं नाही. मग ताईंचा संगणक फॉरमॅट केला. टॅलीचा बॅकअप परत चढवणं, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, जीएसटी पोर्टलला सहीसाठी लागणारं emSigner, प्रिंटर, हे सगळं पुन्हा बसवण्यात पूर्ण दिवस गेला. संध्याकाळी ताईंनी क्रोममध्ये ऑफिसचं खातं लॉगिन केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला पट्टा हजर.

इथे सगळ्यांची खात्री पटली की दोष संगणकात नाही, लाइनमध्ये आहे. तिन्ही संगणकांवर एकाच जाहिराती, कोरा संगणकही सुटला नाही, म्हणजे राऊटर किंवा इंटरनेट देणारी कंपनी. तर्क दिसायला पक्का होता. मला बोलावलं तेव्हा प्रश्न 'नवा राऊटर कुठला घ्यायचा' एवढाच उरला होता. महिन्याची 20 तारीख, म्हणजे जीएसटीआर-3बीची मुदत, जवळ आलेली होती.

समोर असलेले पर्याय

राऊटर बदलणं किंवा कंपनीकडे तक्रार करणं हा ऑफिसचा कल होता. उरलेले दोन संगणकही फॉरमॅट करावेत, हा दुरुस्तीवाल्याचा. साहेबांच्या मुलाचं म्हणणं, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाका आणि विषय संपवा.

हा तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. पट्टा दिसायचा बंद झाला असता, पण तो घालणारा प्रोग्राम तिथेच राहिला असता. जो बँकेच्या पानात जाहिरात घुसवू शकतो, तो त्याच पानावर टाइप केलेलंही वाचू शकतो. जाहिरात हे तो आत असल्याचं एकमेव दिसणारं लक्षण होतं. ते झाकलं असतं तर शोधायला काहीच उरलं नसतं.

म्हणून पहिला निर्णय असा झाला की काहीही विकत घ्यायचं नाही, काहीही पुसायचं नाही. आधी पट्टा कोण घालतोय ते बघायचं.

लाइनवरचा संशय कसा फिटला

तपासायला असं पान हवं होतं जिथे जाहिरात असूच शकत नाही. विकिपीडिया त्यासाठी उत्तम, कारण तिथे व्यापारी जाहिराती नसतात. अधूनमधून देणगीचं आवाहन असतं, ते त्यांचं स्वतःचं. त्यावरून घाबरायचं कारण नाही. ताईंच्या संगणकावर विकिपीडियाचं पान काही वेळा उघडल्यावर वर रमीचा पट्टा आला.

मग दोन साध्या चाचण्या. त्याच वायफायवर फोन जोडून तेच पान बऱ्याचदा उघडलं. काही आलं नाही. नंतर उलटं केलं: ताईंचा संगणक ऑफिसच्या वायफायवरून काढून फोनच्या हॉटस्पॉटवर जोडला. पट्टा आला. ऑफिसचा राऊटर आणि कंपनी दोघेही वाटेतून बाजूला झाले, तरी जाहिरात कायम. विषय तिथेच मिटला.

दुसरं एक कारणही होतं. विकिपीडिया आणि बँक दोन्ही https वर चालतात. पान सर्व्हरकडून निघाल्यापासून ब्राउझरमध्ये उघडेपर्यंत कुलूपबंद असतं. वाटेतल्या कुणाला त्यात काही घालायचं असेल तर ब्राउझर सर्टिफिकेटचा इशारा देतो, नाहीतर संगणकातच आधी खोटं सर्टिफिकेट बसवलेलं असावं लागतं. भारतात साध्या http पानांमध्ये इंटरनेट कंपन्यांनी स्क्रिप्ट घातल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे लाइनवर संशय घेणं खुळेपणाचं नव्हतं. पण जाहिरात https पानात आणि तीही इशाऱ्याशिवाय येत असेल, तर आधी संगणकाच्या आत बघायचं.

आत कुठे?

पुढची पायरी Incognito खिडकी. क्रोम या खिडकीत एक्स्टेन्शन्स आपणहून चालू करत नाही. वापरणाऱ्याने मुद्दाम परवानगी दिली असेल तरच ती चालतात. तिथे विकिपीडिया कितीही वेळा उघडलं तरी स्वच्छ. एजमध्येही स्वच्छ. म्हणजे विंडोजमधला प्रोग्राम सगळ्या ब्राउझरमध्ये लुडबुड करतोय असं नाही. क्रोममधलंच कुठलं तरी एक्स्टेन्शन आहे.

`chrome://extensions` उघडलं तर अकरा एक्स्टेन्शन्स. फॉरमॅट करून दोन दिवसही न झालेल्या संगणकावर! ताई म्हणाल्या, "मी तर काहीच टाकलं नाही." खरंच होतं ते. ती सगळी गूगल खात्याच्या सिंकमधून आली होती. फॉरमॅटनंतर खातं लॉगिन केलं आणि क्रोमने जुनी यादी इमानदारीने परत बसवली. तिन्ही संगणकांवर एकाच जाहिराती का, याचंही उत्तर हेच. लाइन एक असल्यासारखं दिसत होतं, प्रत्यक्षात एक होतं ते खातं.

आता अकरापैकी कुठलं? नेहमीचा मार्ग म्हणजे अर्धी बंद करायची आणि बघायचं, मग उरलेल्यांपैकी अर्धी. पण ही जाहिरात मनात येईल तेव्हा येणारी. अर्धी बंद केल्यावर पट्टा आला नाही, तर दोषी त्या अर्ध्यांत होता की त्याची पाळी आली नव्हती? अशा लहरी जाहिरातींत अर्ध्या-अर्ध्याचा खेळ दिवसभर चालू शकतो आणि शेवटी निर्दोष एक्स्टेन्शन फासावर जातं. म्हणून पट्टा दिसत असतानाच त्याला पकडायचं ठरवलं.

पट्टा आला की त्याच्यावर राइट-क्लिक करून Inspect. उजवीकडे पानाचा सांगाडा उघडतो. तिथे मुख्य मजकुराच्या बाहेर, body च्या अगदी सुरुवातीला, अर्थहीन अक्षरांचं नाव असलेला एक div आणि त्याच्या पोटात iframe, म्हणजे पानात दुसरंच पान दाखवणारी चौकट, होती. iframe चा पत्ता विकिपीडियाचा नव्हता. पण हा पत्ता जाहिरात कुठून आली एवढंच सांगतो, ती कुणी मागवली ते सांगत नाही. त्यासाठी वरचा Network टॅब उघडून, तो उघडा ठेवूनच, पान पुन्हा पुन्हा लोड केलं. पट्टा आला तेव्हा त्या iframe च्या ओळीतल्या Initiator रकान्यावर माउस नेला. तिथे मागणीची साखळी दिसते, आणि तिच्या तळाशी पत्ता `chrome-extension://` ने सुरू होत होता. त्यापुढे बत्तीस अक्षरं आणि शेवटी `content.js`.

ही बत्तीस अक्षरं म्हणजे एक्स्टेन्शनची ओळख. `chrome://extensions` मध्ये Developer mode चालू केलं की प्रत्येक एक्स्टेन्शनच्या चौकटीत ती ID म्हणून दिसते. जुळवून बघितलं: पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट काढून पीडीएफ करणारं एक्स्टेन्शन. चलनाच्या पावत्या जपून ठेवायला तीनेक वर्षांपूर्वी खुद्द साहेबांनी टाकलेलं आणि रोज वापरात असलेलं.

जुनं, भरवशाचं एक्स्टेन्शन असं का वागलं

"नवीन काय टाकलं?" या प्रश्नावर सगळ्यांनी प्रामाणिकपणे "काही नाही" म्हटलं होतं आणि म्हणूनच आधीचा तपास भरकटला. एक्स्टेन्शन्स आपोआप अपडेट होतात, न विचारता. अपडेटला आधीपेक्षा जास्त परवानगी हवी असेल तर क्रोम ते थांबवून विचारतो. पण ज्याने पहिल्याच दिवशी सगळ्या साइट्सवरचा मजकूर वाचायची आणि बदलायची परवानगी घेतली आहे, त्याला नंतर विचारण्याची गरजच पडत नाही. स्क्रीनशॉटवाल्याने ती तीन वर्षांपूर्वीच घेतली होती.

संगणकावर त्याचं घर इथे असतं:

```
%LOCALAPPDATA%\Google\Chrome\User Data\Default\Extensions
```

या फोल्डरमध्ये त्याच बत्तीस अक्षरांचं फोल्डर आणि त्यात आवृत्तीच्या क्रमांकाचं फोल्डर. साहेबांच्या संगणकावर त्या आवृत्तीची तारीख पट्टे सुरू होण्याच्या जेमतेम आधीची निघाली. आतल्या `manifest.json` मध्ये हे होतं:

```
"content_scripts": [{
  "matches": ["<all_urls>"],
  "js": ["content.js"]
}]
```

म्हणजे उघडेल त्या प्रत्येक पानात ही स्क्रिप्ट घुसणार. स्क्रीनशॉट काढायला बटण दाबल्यावर, त्याच एका पानापुरती परवानगी पुरते. वेब स्टोअरवर बघितलं तर प्रकाशकाचं नाव साहेबांच्या आठवणीतलं नव्हतं आणि ताज्या अभिप्रायांत लोक जाहिरातींबद्दलच ओरडत होते. हात बदलल्याची ही खूण.

असं पहिल्यांदा घडलेलं नाही. जानेवारी 2014 मध्ये 'Add to Feedly' आणि 'Tweet This Page' ही दोन एक्स्टेन्शन्स विकली गेल्यावर त्यांत जाहिराती घुसल्या आणि गूगलने ती काढली. 'The Great Suspender' 2020 मध्ये नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केलं. लोकांनी विश्वास ठेवून बसवलेलं एक्स्टेन्शन हाच नव्या मालकाने विकत घेतलेला माल असतो. अँटीव्हायरसला काही सापडलं नाही तेही यामुळेच. अधिकृत दुकानातून, वापरणाऱ्याच्या संमतीने आलेली वस्तू ती. त्याच्या लेखी चोर घरातलाच होता.

केलेली कारवाई, आणि तिसऱ्या संगणकाचा हट्ट

सिंक चालू ठेवूनच ताईंच्या संगणकावरून एक्स्टेन्शन Remove केलं. सिंक चालू असलं की काढणंही सगळीकडे पोचतं. साहेबांच्या संगणकावरून ते दोन मिनिटांत आपसूक गेलं. मग सिंकच्या सेटिंगमध्ये Extensions चा खटका तिन्हीकडे बंद केला. बाकीच्या दहापैकी सात कुणाला आठवतही नव्हती, तीही काढली.

दोन संगणक शांत झाले. पुढच्या टेबलावरचा मात्र नाही. तिथूनही स्क्रीनशॉटवालं गेलं होतं, तरी पट्टे येतच होते. 'आपण शोधलं तेच चुकीचं होतं' असं म्हणण्याचा मोह इथे होतो. पण नीट बघितल्यावर पट्टे वेगळे दिसले, आणि Initiator मधली ID सुद्धा वेगळी. हा दुसराच पाहुणा होता. `chrome://extensions` मध्ये त्याच्या चौकटीत Remove चं बटणच नव्हतं आणि क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत खाली लिहिलं होतं: Managed by your organization.

या ऑफिसात कुणी क्रोमचं व्यवस्थापन करत नव्हतं. हे वाक्य काही अँटीव्हायरसमुळेही येतं, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. पण `chrome://policy` उघडल्यावर ExtensionInstallForcelist या नावापुढे तीच ID होती. मोठ्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर एक्स्टेन्शन सक्तीने बसवता यावं म्हणून ही सोय आहे. इथे ती कुणीतरी चोरवाटेने वापरली होती. ती नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात असते, आणि या आज्ञांनी दिसते:

```
reg query "HKLM\SOFTWARE\Policies\Google\Chrome" /s
reg query "HKCU\SOFTWARE\Policies\Google\Chrome" /s
```

नोंद पुसली, क्रोम बंद करून उघडला, एक्स्टेन्शन गेलं. संगणक रिस्टार्ट केला आणि ते परत आलं. Task Scheduler मध्ये शोधल्यावर 'अपडेटर'सारखं साळसूद नाव असलेलं एक काम सापडलं. लॉगिन झालं की ते पॉवरशेल लपवून चालवायचं आणि रजिस्ट्रीतली नोंद पुन्हा लिहायचं. तारखांवरून मागे गेल्यावर Downloads मध्ये फुकट पीडीएफ जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर निघाला. पानावरचं जे मोठं हिरवं Download बटण दिसतं ते बहुधा जाहिरात असतं. गर्दीच्या वेळी कुणीतरी तेच दाबलं होतं.

इथे दुसरा मोठा निर्णय. काम पुसलं, नोंद पुसली, एक्स्टेन्शन गेलं, रिस्टार्टनंतरही परत आलं नाही. थांबावं का? मी फॉरमॅट सुचवला. साहेब वैतागले, आणि ते साहजिकच होतं. आधी फॉरमॅटने काही होत नाही म्हणणारा मीच आता फॉरमॅट म्हणत होतो. फरक एवढाच की पहिली गोष्ट क्रोमच्या आत होती, क्रोमच्या परवानग्यांपुरती. ही दुसरी अ‍ॅडमिनच्या हक्काने विंडोजमध्ये शिरली होती. तिने आणखी काय ठेवलं आहे हे सापडलेल्या एका कामावरून कुणालाही छातीठोक सांगता येत नाही. शिवाय त्या संगणकावर लोकांचे आधार आणि पॅन स्कॅन होतात. फॉरमॅट झाला, पण या वेळी सिंकमधली यादी आधी साफ केलेली होती आणि रोजच्या वापरासाठी अ‍ॅडमिन हक्क नसलेलं खातं बनवलं.

पासवर्डचं काय

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. स्क्रीनशॉटवाल्या स्क्रिप्टने पासवर्ड चोरले असा कुठलाही पुरावा मिळाला नाही. पण तिला प्रत्येक पानातल्या रकान्यांत भरलेलं वाचता येत होतं, हे नक्की. शेकड्याने ग्राहकांचे पोर्टलचे पासवर्ड एकाच वेळी बदलणं मुदतीच्या आठवड्यात अशक्य. म्हणून क्रम लावला: आधी ऑफिसचं गूगल खातं आणि त्याची सगळ्या उपकरणांवरची लॉगिन्स बंद करणं, मग बँक, मग पट्टे सुरू झाल्यापासून ज्यांचं लॉगिन झालं ते ग्राहक, आणि उरलेले 20 तारखेनंतर. हे सगळं तिन्ही संगणक साफ झाल्यावरच, कारण आधी बदलले असते तर नवे पासवर्डही त्याच स्क्रिप्टसमोर टाइप झाले असते. डिजिटल सहीचं टोकन बदलायची गरज नव्हती. त्यातली किल्ली टोकनच्या बाहेर पडत नाही आणि ब्राउझरमधल्या स्क्रिप्टला तिच्यापर्यंत पोचता येत नाही. त्याचा पिन मात्र बदलला.

निकाल

तिन्ही संगणकांवर पट्टे बंद झाले आणि पुढची दोन रिटर्न्स भरेपर्यंत परत आले नाहीत. रिटर्न वेळेत गेली. राऊटर जुनाच आहे. दोन्ही एक्स्टेन्शन्सबद्दल वेब स्टोअरवर तक्रार नोंदवली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला फॉरमॅट टळला असता. Incognito आणि दुसरा ब्राउझर या दोन चाचण्यांना पाच मिनिटं लागतात आणि त्यांनीच कळलं असतं की गोष्ट क्रोममधली आहे. फॉरमॅट करायचाच होता तर लॉगिन करण्याआधी विकिपीडिया उघडून बघायला हवं होतं. तेव्हा ते स्वच्छ दिसलं असतं आणि लॉगिननंतर पट्टा आल्यावर बोट सरळ खात्याकडे गेलं असतं.

एकच गूगल खातं तिघांनी वापरावं का, यावर ऑफिसात अजून एकमत नाही. ताईंना वेगळं खातं हवंय, साहेबांना सेव्ह केलेले पासवर्ड एकत्र हवेत. तूर्तास सिंकमधून एक्स्टेन्शन्स वगळली आहेत, तेवढ्यावर भागतंय. उरलेल्या तीन एक्स्टेन्शन्सपैकी ज्यांना चालतं त्यांच्या Details मध्ये जाऊन Site access हे On click वर ठेवलं आहे, म्हणजे बटण दाबल्याशिवाय ती कुठल्याही पानात शिरत नाहीत. आणि चलनाची पावती जपायला आता ताई Ctrl+P दाबून Save as PDF करतात.